घाऊक सवलतीचा हिशेब: संगणक कुठे फसतो?

शाळा सुरू होण्याआधी वह्या तयार करणाऱ्या एका कारखान्याला १००० रीम कागद हवा आहे, असे समजू. बाजारात दोन व्यापारी आहेत. पहिल्याचा दर टप्प्याटप्प्याने उतरतो: पहिल्या ४०० रीमला प्रत्येकी २०० रुपये, पुढच्या ४०० ना १९० आणि त्यापुढच्या ४०० ना १७० रुपये. १२०० रीमपेक्षा जास्त माल त्याच्याकडे नाही. दुसऱ्याचा दर सरसकट १८६ रुपये, पण तो ७०० रीमच देऊ शकतो. कोणाकडून किती घ्यावे?

असे प्रश्न सोडवायला रेषीय प्रायोजन ही पद्धत वापरतात. बारावीच्या गणितात तिची तोंडओळख होते. खर्चाचे सूत्र लिहायचे, मर्यादा लिहायच्या आणि कमीत कमी खर्चाचे उत्तर संगणकाकडून काढून घ्यायचे. पहिल्या व्यापाऱ्याच्या तीन टप्प्यांतल्या खरेदीला `x1`, `x2`, `x3` म्हणू आणि दुसऱ्याच्या खरेदीला `b`. प्रत्येक टप्प्याची कमाल मर्यादा ४०० रीम. एवढेच लिहून संगणकाला दिले, तर तो क्षणात सांगतो: पहिल्याकडून ४०० रीम १७० रुपयांनी घ्या, उरलेले ६०० दुसऱ्याकडून १८६ रुपयांनी घ्या, खर्च १,७९,६०० रुपये.

हे उत्तर घेऊन दुकानात गेलात तर व्यापारी हसेल. १७० चा दर मिळायला आधी २०० आणि १९० च्या दराने मिळून ८०० रीम उचलावे लागतात. ही अट आपल्या डोक्यात होती, पण सूत्रात लिहिलेली नव्हती. संगणकाने सर्वांत स्वस्त टप्पा थेट उचलला आणि महागडे दोन्ही सोडून दिले. ४०० रीम घेतल्यावर व्यापारी बिल २०० रुपयांनीच लावणार. म्हणजे तोच बेत प्रत्यक्षात १,९१,६०० रुपयांना पडतो. कागदावरच्या आकड्यापेक्षा बारा हजारांनी जास्त.

ही अडचण टप्पे असले की नेहमीच येते, असे मात्र नाही. महावितरणच्या घरगुती वीजबिलात पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो आणि पुढे तो चढत जातो. तिथे खर्च कमी करू पाहणारा संगणक आपणहून स्वस्त युनिटे आधी भरतो आणि टप्प्यांचा क्रम आपोआप पाळला जातो. चढत्या दरांना साधे रेषीय प्रायोजन पुरते. उतरत्या दरांना, म्हणजेच घाऊक सवलतीला, क्रम वेगळा बजावून सांगावा लागतो.

ते बजावण्याचे साधन म्हणजे द्विमान चल. हा चल ० किंवा १ एवढ्या दोनच किमती घेऊ शकतो, म्हणजे नाही किंवा होय. आपल्याला असे दोन लागतात. `y2` विचारतो, दुसरा टप्पा उघडला का? `y3` विचारतो, तिसरा उघडला का? मग मर्यादा अशा लिहायच्या:

```
400*y2 <= x1 <= 400
400*y3 <= x2 <= 400*y2
x3 <= 400*y3
x1 + x2 + x3 + b = 1000
b <= 700
```

मधली ओळ नीट पाहा. `y2` शून्य असेल तर `x2` ला शून्यच राहावे लागते आणि त्यामुळे `y3` ही १ होऊ शकत नाही. `y2` एक झाला, की पहिल्या ओळीमुळे `x1` पूर्ण ४०० भरावाच लागतो. मागचा टप्पा काठोकाठ भरल्याशिवाय पुढचा उघडत नाही.

आता खरे उत्तर येते. सगळे १००० रीम पहिल्याकडून घ्यायचे: ८०,००० अधिक ७६,००० अधिक ३४,०००, एकूण १,९०,००० रुपये. गंमत अशी, की दुसऱ्याकडून ७०० आणि पहिल्याकडून फक्त ३०० घेतले, तर खर्च १,९०,२०० होतो. फरक दोनशे रुपयांचा, पण मधले जवळपास सगळे पर्याय दोन्हींपेक्षा महाग आहेत. पहिल्याकडून ८०० घेतले तर खर्च १,९३,२०० वर जातो. म्हणून एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये `IF` चे सूत्र लिहून `GRG Nonlinear` ही पद्धत निवडली आणि सुरुवात ३०० रीमपासून केली, तर तो तिथेच थांबू शकतो. आजूबाजूला सगळीकडे चढच दिसतो. पलीकडचा उतार त्याला दिसत नाही. द्विमान चल असले, की टप्पा उघडण्याचे आणि न उघडण्याचे पर्याय फांद्या पाडून तपासले जातात आणि ज्या फांदीत फायदा शक्यच नाही ती छाटली जाते. ही शाखा-छाटणीची पद्धत एल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या दोघींनी १९६० मध्ये मांडली.

पण सवलतीचा दुसराही एक प्रकार असतो. ‘८०० च्या वर १७० रुपये’ या ओळीचा अर्थ काही व्यापारी असा घेतात, की ८०० गाठले की सगळ्याच रीमला १७० चा दर. तसे असेल तर १००० रीम १,७०,००० रुपयांत येतात. कोटेशनमधल्या एका ओळीच्या अर्थाने वीस हजारांचा फरक! या प्रकारात खर्चाची रेघ मध्येच तुटते. ७९९ रीम १९० च्या दराने १,५१,८१० रुपयांना पडतात, तर ८०० रीम १,३६,००० ना. ७१६ ते ७९९ पर्यंत कितीही लागत असले, तरी ८०० मागवणेच स्वस्त.

इथे टप्पे क्रमाने भरायचे नसतात, एकच निवडायचा असतो. म्हणून प्रत्येक दराला एक द्विमान चल:

```
k1 <= 399*z1
400*z2 <= k2 <= 799*z2
800*z3 <= k3 <= 1200*z3
z1 + z2 + z3 = 1
```

डावीकडची किमान मर्यादा विसरली, की पुन्हा तीच फसगत: संगणक ३०० रीमही १७० च्या दराने घेऊन मोकळा होतो.

उजवीकडची कमाल मर्यादाही खरी हवी. ‘मोठा आकडा टाकला की झाले’ म्हणून १२०० च्या जागी एक कोटी लिहिणारे बरेच असतात. सॉल्व्हर ० आणि १ अगदी काटेकोर पाहत नाही. ०.००००१ एवढा फरक अनेकदा चालवून घेतो. एक कोटीला त्याने गुणा: १०० रीम होतात! म्हणजे टप्पा बंद दिसतो आणि तरी त्यातून शंभर रीम निसटतात.

या सगळ्या चुका पकडायचा उपाय एकच आणि सोपा आहे. संगणकाने दिलेले रीमचे आकडे घ्या, त्याचा खर्च झाका, आणि व्यापारी जसे बिल करेल तसे बिल कोटेशनवरून स्वतः करा. दोन्ही रकमा जुळल्या नाहीत, तर मांडणीत एखादी अट राहिली आहे. आणि त्याआधी व्यापाऱ्याला एवढे विचारून घ्या: सवलत पुढच्या मालावर, की सगळ्या मालावर?