चार उभ्या, एक आडवी

शाळेच्या निवडणुकीत फळ्यावर मतं मोजली जातात ती ताळ्याच्या खुणांनी. एका मताला एक उभी रेघ. पाचव्या मताला मात्र उभी रेघ न काढता आधीच्या चारींवर तिरपा छेद द्यायचा. चारपर्यंतच्या वस्तू नजर न मोजता ओळखते, पुढे अडखळते. म्हणून पाचाची जुडी सोयीची.

समजा, पेटीत ४७ चिठ्ठ्या निघाल्या. ही संख्या मोजणीआधीच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी. पतंगाला चार जुड्या आणि तीन रेघा, म्हणजे २३. पुस्तकाला तीन जुड्या आणि एक, म्हणजे १६. चेंडूला एक जुडी आणि दोन, म्हणजे ७. बेरीज ४६, बाद चिठ्ठी एक. ताळा जुळला!

नेहमीची चूक ठरलेली: घाईत पाच उभ्या रेघा काढून वर छेद. जुडीत सहा मतं, मोजताना पाच. बेरीज एकाने कमी भरली, की आधी जुड्या तपासाव्यात.

पण पतंगाचं मत पुस्तकापुढे लिहिलं गेलं, तर बेरीज तरीही ४७च येते. ती चूक या ताळ्यात सापडत नाही. त्यासाठी चिठ्ठ्यांचे चिन्हांनुसार गठ्ठे करून प्रत्येक गठ्ठा वेगळा मोजावा लागतो.