विश्लेषण : ‘यूएफसी’ लढत नॉकआऊटने संपणार की गुणांवर? सट्टाबाजारातील भाव कसे ठरतात?

मिश्र मार्शल आर्ट्सच्या लढतींवर परदेशात केवळ ‘कोण जिंकणार’ यावर नव्हे, तर ‘कशा पद्धतीने जिंकणार’ यावरही पैसे लागतात. या भावांमागे दोन गोष्टींचा हिशेब असतो. लढत मुदतीआधी संपण्याची शक्यता किती आणि ती पूर्ण वेळ चालली तर परीक्षक कोणाच्या बाजूने झुकतील? हा हिशेब कसा मांडला जातो आणि तो कुठे चुकतो, याचा आढावा.

पूजा तोमरच्या लढतीत काय घडले?

८ जून २०२४ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल येथे पूजा तोमरने ब्राझीलच्या रायान दोस सांतोसला हरवले आणि ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’मध्ये (यूएफसी) लढत जिंकणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. लढत तिन्ही फेऱ्या चालली. एका परीक्षकाने पूजाला ३०-२७ असे, म्हणजे तिन्ही फेऱ्या दिल्या. दुसऱ्याने २७-३० असे गुण देत तिन्ही फेऱ्या प्रतिस्पर्धी खेळाडूला दिल्या. तिसऱ्याने २९-२८ असा कौल पूजाच्या बाजूने दिला आणि तिचा विजय झाला. तीच १५ मिनिटे तिघांनी पिंजऱ्याशेजारी बसून पाहिली होती. ‘पूजा गुणांवर जिंकेल’ या शक्यतेचा भाव आधीच ठरवायचा असेल, तर खेळाडूंच्या कौशल्याबरोबर परीक्षकांमधील हा मतभेदही हिशेबात धरावा लागतो.

जिंकण्याच्या ‘पद्धती’ कोणत्या?

साधारणपणे प्रत्येक खेळाडूसाठी तीन पर्याय असतात. पहिला नॉकआऊट किंवा तांत्रिक नॉकआऊट, दुसरा सबमिशन म्हणजे पकडीत अडकून प्रतिस्पर्ध्याने शरणागती पत्करणे आणि तिसरा गुणांवर विजय. दोन खेळाडूंचे मिळून सहा पर्याय होतात. अनिर्णित लढतीचा भाव वेगळा असतो. डॉक्टरांनी लढत थांबवली किंवा खेळाडूच्या प्रशिक्षकांनी माघार घेतली, तर ते तांत्रिक नॉकआऊटमध्ये मोजले जाते. प्रतिस्पर्धी अपात्र ठरल्याने मिळालेला विजयही अनेक कंपन्या याच खान्यात टाकतात. त्यामुळे भाव वाचण्याआधी कंपनीचे नियम वाचावे लागतात.

खेळाडूच्या ‘फिनिश’चे प्रमाण कसे मोजतात?

‘दहा विजयांपैकी नऊ नॉकआऊटने’ ही ओळ जाहिरातीला चांगली असली तरी हिशेबाला अपुरी आहे. तिच्यात हरलेल्या लढती नसतात आणि प्रतिस्पर्धी किती दुबळे होते हेही कळत नाही. शिवाय एका मिनिटात जिंकणारा आणि चौदाव्या मिनिटाला जिंकणारा असे दोघेही त्यात सारखेच ठरतात. म्हणून जाणकार लढतींऐवजी मिनिटे मोजतात. पिंजऱ्यात घालवलेल्या एकूण वेळेत किती नॉकआऊट झाले, हा खरा दर.

मात्र मिनिटे थोडी असली की हा दरही फसवतो. समजा, एका नवोदिताने एकूण २० मिनिटांत ३ नॉकआऊट केले. त्याचा दर मिनिटाला ०.१५ येतो. त्याच वजनी गटात सरासरी खेळाडूचा दर ०.०२ आहे असे मानू. नवोदित सरासरीच्या साडेसातपट घातक आहे, असे २० मिनिटांवरून म्हणणे धाडसाचे ठरेल. म्हणून त्याच्या नोंदीत सरासरी खेळाडूची काही मिनिटे मिसळतात. समजा ७५ मिनिटे मिसळली, तर त्यांच्यासोबत १.५ नॉकआऊटही येतात. मग ९५ मिनिटांत ४.५ नॉकआऊट झाले, म्हणजे दर ०.०४७. पाच मिनिटांच्या एका फेरीत नॉकआऊट होण्याची शक्यता कच्च्या दराने ५३ टक्के निघते, तर सुधारित दराने २१ टक्के. किती मिनिटे मिसळायची, हे जुन्या लढतींवर पडताळून ठरवले जाते. पुढे समोरचा खेळाडू किती सहज बाद होतो, यानुसार हा दर वर किंवा खाली नेला जातो.

सहा भाव प्रत्यक्षात कसे काढतात?

एक काल्पनिक लढत घेऊ. प्रत्येक फेरीत ‘अ’ नॉकआऊटने जिंकण्याची शक्यता ६ टक्के आणि सबमिशनने ३ टक्के. ‘ब’साठी याच शक्यता ५ आणि २ टक्के. म्हणजे एखाद्या फेरीत लढत संपण्याची शक्यता १६ टक्के आणि न संपण्याची ८४ टक्के. तीन फेऱ्या तग धरण्यासाठी ०.८४ चा तीन वेळा गुणाकार केला की ५९.३ टक्के मिळतात. उरलेले ४०.७ टक्के चार प्रकारांत ६:३:५:२ या प्रमाणात वाटले की ‘अ’चा नॉकआऊट १५.३ टक्के, ‘अ’चे सबमिशन ७.६, ‘ब’चा नॉकआऊट १२.७ आणि ‘ब’चे सबमिशन ५.१ टक्के येते.

आता ५९.३ टक्क्यांची वाटणी उरली. ‘अ’ एखादी फेरी जिंकण्याची शक्यता ६० टक्के मानली, तर तीनपैकी किमान दोन फेऱ्या तो जिंकण्याची शक्यता ६४.८ टक्के होते. त्यानुसार ‘अ’ गुणांवर जिंकण्याची शक्यता ३८.४ टक्के आणि ‘ब’ची २०.९ टक्के. अनिर्णित निकाल क्वचितच लागतो, म्हणून तो येथे सोडला आहे. १०० ला ३८.४ ने भागले की २.६० हा ‘रास्त’ भाव मिळतो. म्हणजे १ रुपया लावल्यास जिंकल्यावर मुद्दलासह २.६० रुपये.

येथे एक पडताळणी करता येते. ‘अ’च्या तिन्ही पद्धतींची बेरीज ६१.३ टक्के होते. ‘अ’ लढत जिंकेल, याचा भावही याच शक्यतेवर बेतलेला असायला हवा. तसेच ‘लढत पूर्ण वेळ चालेल’ याचा भाव ५९.३ टक्क्यांशी जुळायला हवा. हे जुळले नाही, तर कुठेतरी चूक झाली आहे.

पाच फेऱ्यांच्या लढतीत काय बदलते?

विजेतेपदाची लढत पाच फेऱ्यांची असते. तेच आकडे ठेवले तर पूर्ण वेळ चालण्याची शक्यता ५९.३ वरून ४१.८ टक्क्यांवर येते. ‘अ’चा नॉकआऊट १५.३ वरून २१.८ टक्क्यांवर जातो, तर त्याचा गुणांवर विजय ३८.४ वरून २८.५ टक्क्यांवर उतरतो. तीन फेऱ्यांच्या लढतींची नोंद पाच फेऱ्यांना जशीच्या तशी लावणे, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

परीक्षकांचा कल भाव कसा बदलतो?

प्रत्येक फेरीत सरस खेळाडूला १० आणि दुसऱ्याला ९ किंवा त्याहून कमी गुण मिळतात. २०१७ पासून लागू झालेल्या सुधारित निकषांनुसार प्रहार किंवा कुस्तीचा प्रत्यक्ष परिणाम आधी पाहायचा असतो. तो समसमान वाटला तरच आक्रमकता आणि त्यानंतर पिंजऱ्यावरील ताबा मोजायचा. थोडक्यात, प्रतिस्पर्ध्याला नुसते खाली दाबून ठेवण्यापेक्षा इजा करणारे फटके महत्त्वाचे.

समजा, आपला ‘अ’ कुस्तीपटू आहे. तो फेरीतील तीन मिनिटे प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर धरून ठेवतो, पण फटके कमी मारतो. ताब्याला मान देणाऱ्या परीक्षकांपुढे तो ६० टक्के फेऱ्या जिंकेल. निकष काटेकोर लावणाऱ्यांपुढे हेच प्रमाण ५२ टक्के राहिले, तर त्याचा गुणांवर विजय ३८.४ वरून ३१.४ टक्क्यांवर घसरतो आणि रास्त भाव २.६० वरून ३.१८ होतो. खेळाडू तोच आणि खेळही तोच असला तरी भाव हलतो.

परंतु एखाद्या परीक्षकाचा कल ओळखणे अवघड असते. ज्या फेऱ्यांत तिघांचेही एकमत झाले, त्या फेऱ्या त्याच्याविषयी फारसे काही सांगत नाहीत. वादग्रस्त फेऱ्याच उपयोगाच्या आणि त्या मोजक्या. म्हणून नवोदित खेळाडूप्रमाणेच परीक्षकाची नोंदही सरासरीकडे ओढून घ्यावी लागते. तसे न केल्यास दोन-तीन गाजलेल्या निकालांवरून त्याच्यावर शिक्का बसतो.

मग सट्टा कंपनीचा फायदा कुठे?

रास्त भाव कधीच दाखवला जात नाही. सहा पर्यायांच्या शक्यतांची बेरीज १०० असायला हवी. कंपनीने ती समजा ११८ पर्यंत नेली, तर ३८.४ टक्क्यांची शक्यता ४५.३ टक्के म्हणून विकली जाते आणि २.६० ऐवजी सुमारे २.२० भाव मिळतो. दाखवलेल्या प्रत्येक भावाने १०० ला भागून बेरीज केली की हा कापलेला वाटा कोणालाही मोजता येतो. भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यास आणि त्यांची जाहिरात करण्यास मनाई आहे. बँकांनाही त्यासाठीचे व्यवहार करता येत नाहीत.

हा हिशेब कुठे कोसळतो?

वरच्या गणितात प्रत्येक फेरी स्वतंत्र मानली आहे. प्रत्यक्षात गुणांवर मागे पडलेला खेळाडू शेवटी धोका पत्करतो. ऑगस्ट २०२२ मध्ये लिऑन एडवर्ड्स चार फेऱ्यांनंतर तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर मागे होता. पाचव्या फेरीत मिनिटभरापेक्षा कमी वेळ उरला असताना त्याची लाथ कमारू उस्मानच्या डोक्यावर बसली आणि विजेतेपद फिरले.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये लास वेगास येथे डॅरिक मिनर आणि शायिलान नुअरदानबिएके यांच्या लढतीआधी काही तासांत नुअरदानबिएकेच्या बाजूने भाव झपाट्याने सरकले. लढत पहिल्याच फेरीत ६७ सेकंदांत संपली आणि मिनर तांत्रिक नॉकआऊटने हरला. दुखापत लपवल्याबद्दल नेवाडाच्या क्रीडा आयोगाने मिनरला पुढे निलंबित केले. अशा वेळी फिनिशचे दर आणि परीक्षकांच्या नोंदी कितीही नेटक्या ठेवल्या तरी उपयोग नसतो. समोरच्याला खेळाडूचा दुखरा पाय माहीत असतो आणि तक्त्यात तो कुठेच नसतो. नवी बातमी नसताना एकाच पद्धतीचा भाव अचानक कोसळला, तर कोणाला तरी अधिक माहिती आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. नियामक संस्था अशाच हालचालींवर नजर ठेवतात.