६/९ म्हणजे सहा सप्टेंबर नव्हे

शाळेतल्या नेत्रतपासणी शिबिराच्या नोंदी संगणकावर चढवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे. डॉक्टरांच्या यादीत मुलांची नजर ६/६, ६/९, ६/१२ अशी लिहिलेली होती. त्यांनी ती जशीच्या तशी टाइप केली, तर एक्सेलमध्ये `06-Jun`, `06-Sep`, `06-Dec` दिसू लागले. त्यांना हवे होते ते एवढेच की तिरक्या रेघेच्या अलीकडचा आकडा एका रकान्यात आणि पलीकडचा दुसऱ्या रकान्यात यावा, म्हणजे पुढची आकडेमोड करता येईल.

हे दोन आकडे मुळात दोन का आहेत, ते आधी पाहू. ६/९ मधला पहिला आकडा अंतराचा आहे: मूल तक्त्यापासून सहा मीटरवर उभे आहे. दुसरा आकडा तक्त्यावरच्या ओळीचा आहे: निरोगी नजर जी ओळ नऊ मीटरवरूनही वाचते, तिथपर्यंतच हे मूल सहा मीटरवरून पोचले. ६/६ च्या ओळीतले अक्षर सुमारे ८.७ मिलिमीटर उंच असते, कारण सहा मीटरवरून तेवढ्या उंचीचा डोळ्याशी पाच कलांचा कोन होतो. ६/६० चे अक्षर त्याच्या दहापट, म्हणजे जवळजवळ नऊ सेंटिमीटरचे असते.

हा तक्ता स्नेलेनच्या नावाने ओळखला जातो आणि तो १८६२ चा, हे बहुतेकांना माहीत असते. पण नजर हे एक गुणोत्तर आहे, तपासल्या जाणाऱ्या डोळ्याची कुवत भागिले प्रमाण डोळ्याची कुवत, ही मूळ कल्पना फ्रान्सिस्कस डोंडर्सची. उट्रेख्टमधल्या नेत्ररुग्णालयाचा तो संस्थापक होता. व्याख्या त्याने केली आणि ती मोजायचे साधन तयार करण्याचे काम आपला सहकारी हर्मन स्नेलेन याच्याकडे दिले. पुढे भिंतीवर लागला तो तक्ता, म्हणून नाव राहिले तक्त्याचे. डोंडर्सचे नाव आज नेत्रविज्ञानाच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते.

१८७५ मध्ये फर्दिनां मोनोयेने या अपूर्णांकाचा सरळ दशांश केला: ६/१२ म्हणजे ०.५. युरोपात बऱ्याच ठिकाणी अजून तीच पद्धत आहे. (त्याच्या तक्त्याच्या दोन्ही कडांची अक्षरे खालून वर वाचत गेले की त्याचेच नाव लागते!) दशांश सोयीचा आहे खरा, पण त्यात एक माहिती कायमची जाते. एखाद्याला सहा मीटरवरून सर्वांत मोठे अक्षरही दिसले नाही, तर डॉक्टर त्याला पुढे बोलावतात. तीन मीटरवरून ते दिसले की नोंद होते ३/६०. आपल्याकडे अंधत्वाची सीमा २०१७ पर्यंत ६/६० च्या खाली अशी होती. तेव्हापासून ती जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे ३/६० च्या खाली अशी झाली. म्हणजे ज्या आकड्यावर निवाडा होतो, तो इथे अलीकडचा आहे. "सगळ्यांचा पहिला आकडा सहाच तर आहे" म्हणून फक्त पलीकडचा रकाना ठेवला, तर ६/६० आणि ३/६० एकच होऊन बसतात.

आता एक्सेलकडे वळू. चौकटीत काही टाइप केले की ते तारखेसारखे दिसते का, हे एक्सेल स्वतःहून तपासते. दिसत असेल तर ती तारीख ठरवून आतमध्ये एक दिवस-क्रमांक साठवते आणि आपण लिहिलेले पुसून टाकते. भारतीय मांडणीत दिवस आधी, महिना नंतर, म्हणून 6/9 झाला सहा सप्टेंबर. अमेरिकी मांडणी असलेल्या संगणकावर तोच नऊ जून होतो. 6/18 मध्ये अठरावा महिना नसतो, तेव्हा 6 हा जून ठरतो आणि 18 हा मांडणीप्रमाणे कुठे दिवस, तर कुठे वर्ष. 6/60 मध्ये दिवस किंवा महिना म्हणून 60 बसतच नाही, म्हणून ती होते एक जून १९६०, आणि पडद्यावर दिसते `Jun-60`. अमेरिकेतले डॉक्टर नजर फुटांत, २०/२०, २०/४० अशी लिहितात. विसावा महिना नसल्यामुळे त्यांच्या संगणकावर त्या नोंदी शाबूत राहतात. आपल्या मीटरच्या नोंदी मात्र एकेक करून पंचांगात जातात.

२०२५ मध्ये टाइप केलेला 6/6 आतमध्ये असतो 45814, आणि 6/60 असतो 22068. या दोन चौकटींची सरासरी मागितली, तर एक्सेल तक्रार न करता 33941 देते. तारखेच्या रूपात ती आहे ३ डिसेंबर १९९२. चूक अशी दिसली तर निदान कळते तरी. खरा धोका असतो त्या रकान्यात, जिथे काही नोंदी तारखा झाल्या आहेत, काही मजकूर म्हणून टिकल्या आहेत आणि शेकडो ओळींमध्ये ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून पहिली तपासणी ही. नोंदी A2 ते A400 मध्ये असतील, तर रिकाम्या चौकटीत लिहा:

```
=COUNT(A2:A400)
```

`COUNT` फक्त संख्या मोजते आणि तारीख ही एक्सेलच्या लेखी संख्याच आहे. उत्तर शून्य आले तर सगळा रकाना मजकूर आहे. ३७ आले, तर ३७ चौकटी बिघडल्या आहेत.

त्या दुरुस्त होतात का? एरवी उत्तर नाही असेच असते, पण नजरेच्या बाबतीत नशीब चांगले आहे. शाळेच्या शिबिरात पहिला आकडा जवळजवळ नेहमी सहा असतो आणि तक्त्यावर ओळी मोजक्याच असतात: ६०, ३६, २४, १८, १२, ९, ६, कधी ५. त्यामुळे तारखेतला एक भाग सहा आहे हे धरून दुसरा ओळखता येतो. सहा सप्टेंबर असो वा नऊ जून, मूळ नोंद ६/९ च. वर्ष १९६० दिसले तर पलीकडचा आकडा वर्षाचे शेवटचे दोन अंक. ६/१ अशी ओळ तक्त्यावर नसतेच, म्हणून एक जून दिसला की तो दिवस खरा नाही, वर्षाकडे पाहायचे, हेही ठरते. ३/६० सारख्या नोंदी मात्र कागदी यादीशी ताडूनच घ्याव्यात.

बिघडलेल्या रकान्याला नंतर मजकुराचे रूप दिल्याने काही परत येत नाही, नुसता 45814 उघडा पडतो. मजकुराचे रूप टाइप करण्याआधी द्यायचे: रकाना निवडून `Format Cells` मध्ये `Text`. अपूर्णांकाचे, म्हणजे `Fraction` चे रूप मोहक वाटते, पण ते घेऊ नका. तिथे 6/12 लिहिले की एक्सेल भागाकार करून 1/2 दाखवते आणि अंतराचा सहा गेला. यादी सीएसव्ही फाइलमधून येत असेल, तर तिच्यावर दोनदा क्लिक करून ती उघडू नये. `Data` मधल्या `From Text/CSV` ने आणावी आणि त्या रकान्याचा प्रकार `Text` ठेवावा.

रकाना शुद्ध मजकूर झाला, की वाटणी दोन ओळींची आहे. B आणि C रकाने रिकामे ठेवून:

```
=VALUE(TEXTBEFORE(A2,"/"))
=VALUE(TEXTAFTER(A2,"/"))
```

जुन्या एक्सेलमध्ये ही फंक्शने नसतात. तिथे `Data` मधले `Text to Columns` घेऊन विभाजक म्हणून `/` आणि `Destination` मध्ये `B2` द्यावे, नाहीतर A मधली मूळ नोंदच पुसली जाते. मात्र ते B आणि C रकान्यांत आकडे ओतते. तिथे मुलांचे वर्ग किंवा तुकड्या लिहिलेल्या असतील तर त्या पुसल्या जातील.

वाटणी नीट झाली का हे पाहायला दोन्ही आकडे पुन्हा जोडून मूळ नोंदीशी ताडायचे:

```
=(B2&"/"&C2)=A2
```

जिथे `FALSE` येईल तिथे थांबून पाहा. बहुधा एखादी जादा मोकळी जागा असते, नाहीतर कुणी ६/०९ लिहिलेले असते. जिथे `#VALUE!` किंवा `#N/A` येईल तिथली चौकट जास्त मोलाची. तिथे डॉक्टरांनी `6/9p` लिहिले असेल, म्हणजे ती ओळ अर्धवटच वाचली. किंवा `CF 2m`, म्हणजे दोन मीटरवरून फक्त बोटे मोजता आली. असे शेरे गाळायचे नाहीत आणि त्यांच्या जागी शून्यही भरायचे नाही. त्यांना तिसरा रकाना द्या. `6/9p` चे 6 आणि 9 हाताने भरून `p` तिसऱ्यात, आणि `CF 2m` चा 2 पहिल्यात, दुसरा रिकामा, `CF` तिसऱ्यात.

या सगळ्या गोंधळाला जनुकशास्त्रज्ञ फार आधीपासून तोंड देत आहेत. बॅरी झीबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवून दिले होते की DEC1 सारखी जनुकांची नावे एक्सेलमध्ये तारखा होतात. फारसे कोणी ऐकले नाही. २०१६ मध्ये तपासले तेव्हा जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांशांत ही चूक निघाली, आणि २०२० पर्यंत नामकरण समितीला जनुकांचीच नावे बदलावी लागली. SEPT1 चे SEPTIN1 झाले. २०२३ मध्ये एक्सेलने हे रूपांतर बंद करण्याची सोय दिली, तेव्हा प्रश्न मिटल्याच्या बातम्या आल्या. पण ती सोय अक्षरे आणि अंक जोडून आलेल्या नावांसाठी आहे. 6/9 तिच्या कक्षेत येत नाही.

दोन रकाने हाती आल्यावर सरासरी काढण्याआधी आणखी एक पायरी लागते. एका डोळ्याची नजर ६/६, दुसऱ्याची ६/६०. दशांशात १ आणि ०.१, सरासरी ०.५५, म्हणजे साधारण ६/११. हे चित्र फार आशादायक आहे, कारण नजरेच्या पायऱ्या बेरजेने नाही, गुणाकाराने चढतात. ऑस्ट्रेलियात इयन बेली आणि जॅन लव्ही यांनी १९७६ मध्ये याच तत्त्वावर नवा तक्ता आखला. त्यात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीहून ठरावीक प्रमाणात लहान होते आणि नोंद लॉगरिदममध्ये होते. तीच पद्धत इथे वापरता येते:

```
=LOG10(C2/B2)
```

६/६ चे उत्तर ०, ६/१२ चे ०.३, ६/६० चे १, ३/६० चे १.३. वरच्या दोन डोळ्यांची सरासरी ०.५, म्हणजे जवळजवळ ६/१९. `CF` च्या ओळीत C रिकामा असल्यामुळे हे सूत्र तिथे चूक दाखवील. ते मूल सरासरीत न धरता नावानिशी वेगळे काढा आणि त्याला नेत्रतज्ज्ञांकडे आधी पाठवा.