स्पर्धेला दिलेले उत्तर आणि त्यातले हॅशटॅग

एक्सवरच्या मोहिमेला किंवा स्पर्धेला उत्तर देताना जितके हॅशटॅग जास्त तितकी नोंद ठळक, हा समज सर्वांत पक्का आहे. पण हॅशटॅग म्हणजे केवळ शोधाची खूण. ही पद्धत ख्रिस मेसिना यांनी 2007 मध्ये ट्विटरवर सुचवली, ती एका विषयावरचे बोलणे एकत्र सापडावे म्हणून. विषयाबाहेरची खूण लावली की उत्तर चुकीच्या माणसांपुढे जाते. एका पोस्टमध्ये किंवा अनेक पोस्टमध्ये असंबद्ध हॅशटॅगचा भरणा करणे एक्सच्या नियमांतही बसत नाही.

समजा, 2022 पासून चालणाऱ्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत छायाचित्रे मागवली आहेत आणि पांढुर्ण्याहून घरावरच्या झेंड्याचे छायाचित्र उत्तरात पाठवायचे आहे. त्याखाली #HarGharTiranga #गोटमार #संत्रा #सौसर #follow अशी रांग लागली, तर बिघडते काय? गोटमार पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होते. तिची दृश्ये शोधणाऱ्याला इथे झेंडा दिसेल. संत्र्याचा भाव पाहणाऱ्याचीही तीच गत. #follow तर छायाचित्राविषयी काहीच सांगत नाही. ‘पांढुर्णा: आज सकाळी घरावर लावलेला तिरंगा #HarGharTiranga’ एवढे पुरे. गावाचे नाव वाक्यात आलेच आहे, आणि साध्या शोधात तेही सापडते. वेगळी खूण हवीच असेल, तर वाक्यातल्याच नावाला # लावावा, शेपटी जोडू नये.

गावाच्या नावाची खूण कशीही लिहिली तरी चालते, असेही मानले जाते. मराठी आणि हिंदी दोन्ही चालणाऱ्या पांढुर्ण्याच्या भागात नेमके तिथेच घोटाळे होतात. #पांढुर्णा आणि #पांढुर्ना यंत्राच्या लेखी दोन निरनिराळ्या खुणा आहेत. #Pandhurna ही तिसरी. रोमन लिपीत मोठ्या-लहान अक्षरांनी फरक पडत नाही, पण स्पेलिंगने पडतो. खुणेत जागा सोडली किंवा जोडरेघ घातली की ती तिथेच तुटते: ‘#हर घर तिरंगा’ लिहिल्यास खूण उरते ती फक्त ‘#हर’. म्हणून आयोजकाची खूण हाताने न लिहिता मूळ पोस्टमधून उचलावी आणि पाठवल्यावर ती पूर्ण रंगीत झाली का, हे पाहावे. दुसरी लिपी जोडून दोन्हीकडची सोय करण्याचा मोह होतो. पण स्पर्धेची खूण आयोजकाने दिलेलीच लावावी.

उत्तर मागे पडू नये म्हणून तेच पुन्हा पुन्हा टाकणेही उलटते. एकसारखी उत्तरे एक्स स्पॅम म्हणून धरू शकते, आणि आयोजकाला एकाच घरचा झेंडा वारंवार चाळावा लागतो. चूक सुधारायची असेल तर जुने उत्तर काढून नवे द्यावे, मात्र स्पर्धेचे नियम तसे करू देत असतील तरच.

काही उत्तरे मात्र खूण अचूक असूनही शोधात येत नाहीत. खाते ‘प्रोटेक्टेड’ असेल, तर पोस्ट फक्त मान्य केलेल्या अनुयायांनाच दिसतात. त्या अनुयायांत आयोजक नसेल, तर उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी आणखी हॅशटॅग जोडण्याऐवजी खात्याची सेटिंग बदलावी लागते.