दोन टोकांमागचं सर्किट

12 व्होल्टच्या बॅटरीला 6 किलोओहम आणि 3 किलोओहमचे रोध एकापुढे एक जोडले आहेत. 3 किलोओहमच्या दोन टोकांवर आपण वेगवेगळे लोड लावून पाहणार आहोत. प्रत्येक वेळी सगळं गणित नव्याने मांडायचं का?

फ्रेंच तार अभियंता लेऑन थेवेनिन याने 1883 मध्ये सोपी वाट दाखवली. लोड काढा, उघड्या टोकांवर 4 व्होल्ट मिळतात. मग बॅटरीच्या जागी नुसती तार कल्पा. टोकांतून दोन्ही रोध समांतर दिसतात, म्हणजे 2 किलोओहम. आता 4 व्होल्टचा स्रोत आणि त्यापुढे 2 किलोओहम, एवढंच सर्किट उरलं. 2 किलोओहमचा लोड लावला तर त्यावर 2 व्होल्ट, 6 किलोओहमचा लावला तर 3. लोड एकदाच लावायचा असेल, तर मात्र हा खटाटोप फारसा वाचवत नाही.

आतल्या भागात डायोड असेल तर ही अदलाबदल सरसकट चालत नाही, कारण त्याचा प्रवाह व्होल्टेजच्या प्रमाणात वाढत नाही. लोड मात्र कसाही चालेल. आतल्या उष्णतेचा हिशेबही यावरून करू नये: लोड नसताना मूळ सर्किट 16 मिलिवॅट जाळतं, बदली सर्किट शून्य.