आकडा यंत्राचा, उत्तर विद्यार्थ्याचे

प्रबंधाचा काही भाग कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतल्याचा ठपका येतो, तेव्हा पुरावा म्हणून समितीसमोर बहुधा एकच गोष्ट असते: तपासणीच्या सॉफ्टवेअरचा अहवाल आणि त्यावर छापलेली टक्केवारी. विद्यार्थ्याचे उत्तर त्या टक्केवारीपासूनच सुरू व्हावे लागते.

समजा, मराठी माध्यमात शिकलेल्या एका विद्यार्थिनीने ऊसतोड कामगारांच्या उचलीवर अर्थशास्त्राचा प्रबंध इंग्रजीत लिहिला. अहवाल सांगतो की ४२ टक्के मजकूर यंत्राचा आहे. विभागाच्या नोटिशीत मात्र ‘वाङ्मयचौर्य’ हा शब्द आहे आणि शिक्षा एक वर्षाची बंदी. ही शिक्षा येते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीतून. तीत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ४० ते ६० टक्क्यांना वर्षभर तो देता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. पण हा तक्ता साम्याचा आहे. साम्य म्हणजे दुसऱ्याच्या लेखनाशी जुळलेले शब्द. तिथे मूळ मजकूर शेजारी ठेवून दाखवता येतो. यंत्रलेखनाच्या अहवालात असे मूळ काहीच नसते, असतो तो फक्त अंदाज. एका मोजणीचा आकडा दुसऱ्या मोजणीच्या तक्त्यात बसवला गेला, हा पत्रातला पहिला आणि सर्वांत भक्कम आक्षेप.

दुसरा आक्षेप अंदाजाच्या विश्वासार्हतेचा. अशी बरीच साधने पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे पाहतात. वाक्ये सरळ आणि शब्द ठरावीक असतील, तर लेखन यंत्राचे असल्याचा संशय वाढतो. इंग्रजी नंतर शिकलेला माणूस असेच, जपून लिहितो. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल परीक्षेचे, माणसांनी लिहिलेले ९१ निबंध सात साधनांना दिले. सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत तीच साधने जवळपास चुकली नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही स्वतःचे ओळख-साधन अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी मागे घेतले. हे दाखले पत्रात दोन-तीन वाक्यांत आटोपावेत. साधने चुकतात एवढेच त्यांतून सिद्ध होते. या प्रबंधाबाबत चूक झाली की नाही, ते त्यांतून कळत नाही.

ते कळते लेखनाच्या खुणांवरून, आणि पत्राचा बराचसा भाग त्यांनाच द्यायला हवा. अहवालाने संशोधनपद्धतीचे तिसरे प्रकरण जवळजवळ पूर्ण रंगवले आहे. हे प्रकरण साचेबद्धच असते: नमुना कसा निवडला, प्रश्नावली कशी भरून घेतली, वगैरे. विद्यार्थिनी त्या प्रकरणाचे चार खर्डे तारखांसह जोडते. त्यांतल्या एकावर मार्गदर्शकांनी लाल शाईने केलेल्या दुरुस्त्या आहेत. गुगल डॉक्समधल्या बदलांच्या नोंदीत परिच्छेद कित्येक दिवसांत, खाडाखोड होत वाढलेला दिसतो. आयता मजकूर डकवला असता, तर तो त्या नोंदीत एका क्षणात उमटला असता. भरलेल्या प्रश्नावल्या आणि क्षेत्रभेटीची वही वेगळी जोडायची, कारण त्या लेखनाचा नव्हे तर संशोधनाचा पुरावा आहेत. मूळ फाइल मात्र जपावी लागते. मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये ठेवला, की त्या नव्या फाइलला मागचा इतिहास नसतो. शेवटच्या घाईत अनेक जण नेमके हेच करतात.

इथे प्रामाणिकपणाचा प्रश्नही येतो. व्याकरण सुधारणारे साधन किंवा भाषांतराची सोय वापरली असेल, तर कुठे आणि किती हे पत्रातच सांगणे शहाणपणाचे. ‘कोणतेही साधन वापरले नाही’ असे ठोकून दिले आणि नंतर एखादी खूण सापडली, तर खरे मुद्देही संशयाच्या सावलीत जातात. तसेच दुसऱ्या एखाद्या साधनाने ‘मानवी लेखन’ असा निर्वाळा दिला म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. ज्या यंत्रांवर अविश्वास दाखवायचा, त्यांचीच साक्ष काढल्यासारखे होते.

शेवटी मागण्या, त्याही मोजक्या: पूर्ण अहवालाची प्रत, कोणत्या नियमाखाली कारवाई होत आहे याचा लेखी खुलासा आणि समितीसमोर तोंडी सुनावणी. २०१८ च्या नियमावलीनुसार विभागीय समितीने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळायची असतात, म्हणून म्हणणे ऐकून घेण्याची मागणी ही मेहेरबानी ठरत नाही. तिसऱ्या प्रकरणावर हवे ते प्रश्न विचारावेत, असेही विद्यार्थिनी लिहिते. अमुक गावेच का निवडली, हे ज्याने काम केले त्याला सांगता येते. पत्र आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली, की ते मिळालेच नाही असे पुढे कोणाला म्हणता येत नाही.