रक्त थांबलं, त्या सात महिन्यांचा मागोवा

तात्यांच्या फाइलमधला सगळ्यात जुना कागद जून 2022 चा आहे. लघवीच्या साध्या तपासणीचा रिपोर्ट. लाल पेशींच्या रकान्यात ‘भरपूर’, पू पेशींच्या रकान्यात ‘4 ते 6’, खाली सही आणि शिक्का. पुढची दिशा ठरवायला एवढा कागद पुरेसा होता. पण गाठ डोळ्यांनी दिसायला जानेवारी 2023 उजाडावा लागला. आता 2025 संपत आलंय, तात्या ठीक आहेत, आणि त्यांच्या संमतीने मी ही फाइल पहिल्यापासून पुन्हा वाचतो आहे. मी मूत्रविकारांचा सर्जन. अशा फायली माझ्याकडे सतत येतात, आणि वेळ बहुतेक वेळा त्याच त्या ठिकाणी गेलेला असतो.

तात्या तेव्हा 68 वर्षांचे होते. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्तीनंतर शेती बघत. चाळीसएक वर्षं विडी ओढलेली, मुलीच्या हट्टामुळे नंतर सोडलेली. हृदयात स्टेंट, म्हणून रोज रक्त पातळ करणारी गोळी. पेरणीच्या दिवसांत एका सकाळी लघवी लालभडक झाली. जळजळ नाही, कळ नाही, ताप नाही. पहिल्या धारेपासून शेवटच्या थेंबापर्यंत एकच रंग. दिवसभर तसंच चाललं आणि दुसऱ्या दिवशी सगळं स्वच्छ. घरात निदान झालं : उन्हाळी लागली. काकूंनी धने-जिऱ्याचं पाणी सुरू केलं. मुलीने मात्र तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, म्हणून तो रिपोर्ट तरी फाइलमध्ये आला.

धार सुरू होताना रक्त आलं आणि मग लघवी स्वच्छ झाली, तर ते बहुधा मूत्रमार्गातून येतं. अगदी शेवटी आलं, तर मूत्राशयाच्या तोंडापाशी किंवा प्रोस्टेटमध्ये काही आहे असं धरतात. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं लाल असेल, तर रक्त मूत्राशयात किंवा त्याच्या वर, मूत्रनलिकेत किंवा किडनीत मिसळतंय. हे तात्यांना कोणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं.

आणि दुखत का नव्हतं? खडा दुखतो, कारण तो मूत्रनलिकेत अडकतो आणि मागे दाब वाढतो. जंतुसंसर्ग झाला की मूत्राशयाचं अस्तर सुजतं, म्हणून जळजळ होते. सुरुवातीची गाठ यातलं काहीच करत नाही. ती अस्तरावर वाढते, तिच्यातल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, मूत्राशय भरताना-रिकामं होताना एखादी फुटते. तिथे रक्त गोठलं की स्राव बंद होतो. गाठ असते तिथेच राहते. लघवी किती लाल दिसली यावरूनही काही ठरत नाही, कारण लिटरभर लघवीत मिलीलिटरभर रक्त मिसळलं तरी रंग डोळ्यांना कळतो. “दुखलं असतं तर त्याच दिवशी आलो असतो की डॉक्टर,” तात्या मला म्हणाले होते. वयस्कर माणसाच्या लघवीत न दुखता रक्त येतं, तेव्हा ते न दुखणं हीच माझ्या दृष्टीने घाई करण्याची बाब असते. लघवीतून डोळ्यांना दिसेल इतकं रक्त गेलेल्या प्रौढांची नीट तपासणी केली, तर साधारण दहा जणांत एकाला तरी मूत्राशयाचा कर्करोग सापडतो. साठीनंतर, त्यातही विडी-सिगरेट ओढणाऱ्यात, शक्यता आणखी वाढते. तंबाखूच्या धुरातली रसायनं रक्तातून किडनीत गाळली जातात आणि लघवीबरोबर तासन् तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात.

दवाखान्यात पाच दिवसांची अँटिबायोटिक मिळाली. कल्चर पाठवलं नव्हतं. रक्त थांबलं, आणि गोळ्या लागू पडल्या असं सगळ्यांनी धरलं. रक्त तर गोळ्या सुरू होण्याआधीच थांबलं होतं. संसर्ग असू शकतो, पण मग तशी लक्षणं हवीत, कल्चरमध्ये जंतू यायला हवेत, आणि उपचार संपल्यावर लघवी पुन्हा तपासून लाल पेशी गेल्याची खात्री करायला हवी. ही दुसरी तपासणी फार थोड्या फायलींत दिसते. बायकांच्या बाबतीत तर ती आणखीच कमी होते. साठीपुढच्या बाईला लघवीतून रक्त गेलं, की ‘इन्फेक्शन’ म्हणून तिला एकामागून एक अँटिबायोटिक दिली जाते, किंवा रक्त अंगावरून गेलं असेल अशी समजूत काढली जाते. बायकांचं निदान पुरुषांपेक्षा उशिरा होण्यामागे हे एक मोठं कारण आहे, आणि मला ते फार अस्वस्थ करतं.

सप्टेंबरमध्ये पुन्हा एक दिवस लघवी लाल झाली. या वेळी दोष रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर गेला आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून तात्यांनी ती आठवडाभर बंद ठेवली. स्टेंट असलेल्या माणसाने असं परस्पर करणं जिवावर बेतू शकतं. शिवाय तर्कही चुकीचा होता. ती गोळी धडधाकट अस्तरातून रक्त काढत नाही, तिथे आधीच काही दुखरी जागा असेल तर ती लवकर वाहू लागते. म्हणून ही गोळी घेणाऱ्याची तपासणी इतरांसारखीच आणि तितकीच पूर्ण करायची, असा जगभरच्या मूत्रविकारतज्ज्ञांचा संकेत आहे.

नोव्हेंबरात सोनोग्राफी झाली. तो रिपोर्ट मी अनेकदा वाचला आहे. दोन्ही किडन्या ठीक, खडा नाही, प्रोस्टेट वाढलेली, 42 ग्रॅम. आणि शेवटून दुसरी ओळ : मूत्राशय पुरेसं भरलेलं नाही. तात्या सकाळी दोन तास प्रवास करून गेले होते, नंबर यायला उशीर झाला आणि लघवी आवरेना म्हणून ते आधीच जाऊन आले होते. अर्धवट भरलेल्या मूत्राशयाच्या भिंतींना घड्या पडतात, त्यात गाठ लपते. भरलेल्या मूत्राशयातही लहान किंवा सपाट पसरलेली गाठ सोनोग्राफीला दिसेलच असं नाही. पण रिपोर्टच्या शेवटी ‘प्रोस्टेट वाढ’ हे शब्द होते, आणि रक्ताला कारण मिळालं. प्रोस्टेटची गोळी सुरू झाली. वाढलेल्या प्रोस्टेटमधून रक्त येतं हे खरं आहे, पण बाकी सगळं तपासून झाल्यावरच तसं म्हणता येतं. साठीपुढच्या बहुतेक पुरुषांची प्रोस्टेट थोडीफार वाढलेली असतेच.

जानेवारीत गाठी-गाठी होऊन रक्त आलं आणि मध्यरात्री लघवी तुंबली. नळी घालून, मूत्राशय धुऊन, दुसऱ्या दिवशी तात्या माझ्याकडे आले.

पुढच्या तपासण्या आठ-दहा दिवसांत आटोपल्या. आधी कल्चर आणि क्रिएटिनिन, कारण सीटी स्कॅनसाठी शिरेतून जे औषध द्यायचं ते किडनी पेलेल का हे बघावं लागतं. हा सीटी साधा नसतो. आधी औषधाशिवाय चित्र काढतात, त्यात खडे दिसतात. मग औषध देऊन किडनीचं मांस बघतात, तिथे गाठ असेल तर ती औषध शोषून उजळते. मग आठ-दहा मिनिटं थांबून पुन्हा चित्र काढतात, तेव्हा औषध लघवीत उतरून मूत्रनलिका आणि मूत्राशय उजळलेले असतात, आणि गाठ असेल तिथे तेवढी जागा रिकामी दिसते. तात्यांच्या मूत्राशयाच्या डाव्या भिंतीवर अशी अडीच सेंटिमीटरची रिकामी जागा होती. उजव्या किडनीत पाण्याची साधी गाठ होती. तिला घरचे जास्त घाबरले, पण तिच्यापासून काही धोका नव्हता.

रक्ताची गुठळीही सीटीत तशीच दिसू शकते. म्हणून दुर्बिणीने आत बघण्याला पर्याय नाही. मूत्रमार्गात भूल देणारी जेली सोडून जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीची, वाकणारी दुर्बीण आत घातली. पाच-सात मिनिटांचं काम. तात्यांनी पडद्यावर स्वतः पाहिलं : डाव्या भिंतीवर बारीक देठावरची गुलाबी गाठ, तिची टोकं पाण्यातल्या शेवाळासारखी झुलत होती. लघवीतल्या पेशींची तपासणीही केली होती, तिच्यात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नव्हत्या. ती तपासणी पॉझिटिव्ह आली तर महत्त्वाची, निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होता येत नाही.

फेब्रुवारीत मूत्रमार्गातूनच गाठ खरवडून काढली. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये तीन गोष्टी होत्या. कर्करोग उच्च श्रेणीचा, म्हणजे झपाट्याने पसरण्याच्या स्वभावाचा. तो अस्तराखालच्या थरात शिरलेला. आणि तिसरी ओळ, जी घरच्यांच्या नजरेतून निसटली : तपासणीसाठी पाठवलेल्या तुकड्यांत स्नायूचा थर आढळला नाही. गाठ स्नायूत शिरली आहे का, यावर सगळे पुढचे उपचार ठरतात. शिरली नसेल तर मूत्राशय वाचवता येतं, शिरली असेल तर बहुतेकदा ते काढावं लागतं किंवा किरणोपचार आणि केमोथेरपी द्यावी लागते. तुकड्यात स्नायूच नसेल तर तो मोकळा आहे असं म्हणायला आधार नाही. म्हणून चार आठवड्यांनी त्याच जागेतून पुन्हा खोलवर तुकडे घेतले. या वेळी स्नायू होता आणि स्वच्छ होता. काठावर थोडी गाठ उरलेली सापडली, तीही निघाली. “आधीच्या ऑपरेशनमध्ये काही राहून गेलं का?” असं काकूंनी विचारलं. या प्रकारच्या गाठीत दुसऱ्यांदा बघणं हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यांना पटवायला चित्र काढावं लागलं.

एप्रिल 2023 पासून बीसीजी. लहानपणी दंडावर टोचतात तीच लस. ती मूत्राशयात सोडली तर अस्तरातली प्रतिकारशक्ती गाठीच्या पेशींवर तुटून पडते, हे कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी 1976 मध्ये दाखवलं. आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. नळीने औषध सोडायचं, दोन तास लघवी रोखायची, मग संडासात ब्लीचिंगचं पाणी ओतायचं, कारण लशीतले जंतू जिवंत असतात. चौथ्या डोसाच्या दिवशी लघवीत रक्त दिसलं म्हणून तो डोस आठवडाभर पुढे ढकलला. अस्तर उघडं असताना हे जंतू रक्तात शिरू शकतात. पुढे ठरावीक महिन्यांनी तीन-तीन डोसांचे फेरे झाले. प्रत्येक वेळी दोन दिवस जळजळ आणि कणकण. पण तात्यांनी एकही फेरा चुकवला नाही.

2024 च्या दिवाळीत तात्या आपल्या 63 वर्षांच्या मेहुण्यांना घेऊन आले. एकदाच लघवी गुलाबी झाली होती, दुखलं काहीच नव्हतं. सोनोग्राफीत डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला चार सेंटिमीटरची घन गाठ होती, सीटीत ती उजळली. अशा गाठीत पुष्कळदा आधी तुकडा न काढता थेट शस्त्रक्रिया करतात. त्यांची गाठ काढली आणि बाकी किडनी वाचली. कारण वर सापडलं तरी त्यांच्या मूत्राशयात दुर्बीण घातलीच, कारण किडनीतली गाठ दिसली म्हणजे मूत्राशय स्वच्छ असेल असं नाही. तिथे काही नव्हतं.

तात्यांची दुर्बीण पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी होती, आता सहा महिन्यांनी असते. अस्तर किडनीपासून मूत्राशयापर्यंत सलग असल्याने अधूनमधून सीटी करून वरचा भागही बघतो. बीसीजीचा शेवटचा फेरा एप्रिल 2026 मध्ये आहे. पाच वर्षं पूर्ण झाल्यावर तपासणी वर्षातून एकदा होईल, आणि उच्च श्रेणीच्या गाठीत ती कायमची चालू ठेवावी लागते.